लांडोर काय बघते?

गोकुळाष्टमी जवळ आली की सीवूड्स स्टेशनच्या बाहेर मोरपिसांचे भारे घेऊन माणसं बसतात. त्यातलं एक घेऊन वहीत ठेवायचं ही माझी शाळेपासूनची सवय. शाळेत असताना पिसाला पेन्सिलची तासणं खायला घातली की त्याला पिल्लं होतात, अशी आमच्या अख्ख्या वर्गाची ठाम श्रद्धा होती. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी सुद्धा ती मोडायचा कधी प्रयत्न केला नाही. आता पीस थिअरी ऑफ मशीन्सच्या जर्नलमध्ये असतं आणि तासणं कोणी घालत नाही. पण गेल्या वर्षभरात माझ्या लक्षात आलंय की त्या पिसाची खरी गंमत वेगळीच आहे. हिशोबाने बघितलं तर ते मुळात असायलाच नको होतं.

मित्रांनो, जरा डिझाइनच्या सबमिशनसारखा विचार करा. झाडावर झोपणारा, बिबट्या आणि रानमांजरापासून जीव वाचवणारा पक्षी आहे. त्याच्या पाठीमागे आपण सुमारे दीड मीटर लांबीचा, दीडशेच्या आसपास डोळे असलेला पिसारा जोडतो. हे शेपूट नव्हे बरं का. खरं शेपूट आखूड आणि तपकिरी असतं, ते मागून पिसाऱ्याला टेकू देतं. पिसारा म्हणजे शेपटाच्या वरची झाकणपिसं वाढून झालेला प्रकार. इंग्रजीत सरसकट 'टेल' म्हणतात, त्यापेक्षा आपला 'पिसारा' हा शब्द कितीतरी बरोबर आहे. आणि एवढं करून पावसाळा संपला की हा सगळा माल गळून पडतो आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा उगवावा लागतो. असं डिझाइन घेऊन व्हायवाला गेलो तर सर फाइल फेकून देतील!

डार्विनचंही हेच झालं होतं. १८६० साली त्याने आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात कबूल केलं की मोराचं पीस दिसलं की मला मळमळतं. 'जो टिकतो तो टिकतो' या त्याच्या सिद्धांतात हे पीस कुठे बसत नव्हतं. उत्तर त्याने १८७१ मध्ये दिलं. पिसारा मोराला जगायला मदत करत नाही, तो लांडोरीला आवडतो. आणि ज्याला लांडोर निवडते त्याची पिल्लं होतात. बस्, एवढंच.

एवढंच, पण ते लोकांना पचलं नाही. सेंट जॉर्ज मायव्हार्ट नावाच्या टीकाकाराने त्याच वर्षी लिहिलं की बायकांच्या लहरीचा काय भरवसा, अशा चंचल आवडीतून एवढी ठरीव नक्षी घडेलच कशी? आपल्याकडेही फार वेगळं नाही. माझी आजी मला शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोळीला घेऊन गेली होती. 'लांडोर' हा शब्द मी तिथे तिच्याकडून पहिल्यांदा ऐकला (तोपर्यंत मी 'मोरनी' म्हणायचे, हिंदी सिनेमाची कृपा). तिने त्याच दमात सांगितलं की मोर ब्रह्मचारी असतो, लांडोर त्याचे अश्रू पिते आणि तिला पिल्लं होतात. आजीचं सोडा, २०१७ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निवृत्त होताना टीव्हीवर हेच सांगितलं! या गोष्टीत पक्ष्यांबद्दलची माहिती चुकीची आहे ती आहेच. मला जास्त खटकलं ते हे, की त्यात लांडोरीने करायचं काही शिल्लकच राहत नाही. जे गळेल ते प्यायचं. खऱ्या लांडोरीचा प्रकार म्हणजे उलटे कांदेपोहे आहेत. मुलं एकेका जागी नटून उभी आणि मुलगी फिरून फिरून बघतेय, नापसंत करतेय, पुढे जातेय.

आता मायव्हार्टच्या प्रश्नाकडे या. नुसत्या आवडीतून एवढं मोठं काही कसं घडेल? थोडं गणित करू, आकडे माझ्या मनाचे आहेत. समजा एक साधा मोर सहा हंगाम जगला आणि दर हंगामात त्याला एक जोडीदारीण मिळाली. एकूण सहा. दुसरा भपकेबाज मोर तीनच हंगाम जगला, मग बिबट्याने नेला, पण दर हंगामात त्याला चार मिळाल्या. एकूण बारा. पुढच्या पिढीत कोणाचा पिसारा जास्त दिसेल? उत्क्रांती आयुष्य मोजत नाही, पिल्लं मोजते. त्यात आणखी एक भर रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने घातली. लांब पिसारा आवडणाऱ्या लांडोरीच्या मुलांना बापाचा पिसारा मिळतो आणि मुलींना आईची आवड मिळते. म्हणजे पिसारा आणि आवड एकाच घरात वाढतात, एकमेकांना ढकलत राहतात. आपल्या भाषेत पॉझिटिव्ह फीडबॅक. माइक स्पीकरसमोर धरला की जी किंचाळी येते, तसंच हे. मग ते थांबतं कधी? फायद्यापेक्षा किंमत जास्त झाली की.

थोडक्यात, प्रश्न दोन आहेत. लांडोर खरंच निवडते का? आणि किंमत नक्की कोण वसूल करतं?

पहिल्याचं उत्तर शोधायला मॅरियन पेट्री आणि तिचे सहकारी इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड पार्कात मोकळ्या सोडलेल्या मोरांच्या मागे बसून राहिले. १९९१ साली त्यांनी लिहिलं की लांडोर पहिल्या नाचणाऱ्या मोराला कधीच 'हो' म्हणत नाही, आधी अनेकांना नाकारते. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलेल्या ११ यशस्वी प्रणयांपैकी १० वेळा तिने बघितलेल्या मोरांपैकी सर्वांत जास्त डोळे असलेलाच निवडला. पुढे काही मोरांच्या पिसाऱ्यातले २०-२० डोळे कापून टाकले, तर त्यांना आदल्या हंगामापेक्षा कमी जोडीदारिणी मिळाल्या. मला विचाराल तर हा कापाकापीचा प्रयोगच जास्त पटतो. नुसतं निरीक्षण केलं तर मोर तब्येतीने चांगला म्हणून निवडला की डोळ्यांमुळे, हे वेगळं काढता येत नाही.

पण गोष्ट इथे संपली असती तर फारच सरळ झाली असती. जपानमध्ये मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी सात वर्षं मोर बघितले आणि २००८ मध्ये जाहीर केलं की आमच्या लांडोरी पिसाऱ्याकडे बघून निवडतात असं काही दिसत नाही. वाद पेटला. मग रोझलिन डेकिन आणि रॉबर्ट माँटगोमेरी यांनी दाखवलं की नेहमीच्या मोरांमध्ये डोळ्यांची संख्या फारशी कमीजास्त नसतेच, त्यामुळे तिथे निवडायला वाव कमी. डोळे बरेच कापले तर मात्र फरक पडतो. आणि डोळ्यांच्या निळ्या-हिरव्या चकाकीचा मोराच्या यशाशी चांगलाच संबंध लागतो. मेकॅनिकलवाल्यांनो, याच गटाचं पुढचं काम वाचून मला व्हायब्रेशनचा विषय पहिल्यांदा आवडला. पिसारा उभारल्यावर मोर तो सेकंदाला साधारण २५ वेळा थरथरवतो आणि तेव्हा बाकीची पिसं झळझळतात पण डोळे जागच्या जागी स्थिर दिसतात. आणि मोर-लांडोरीच्या डोक्यावरच्या तुऱ्याची नैसर्गिक कंप्रता त्याच्याच आसपास आहे. म्हणजे लांडोर नुसती बघत नसावी, तुऱ्याने ते थरथरणं तिला जाणवतही असावं.

आता किंमत. सगळ्या पुस्तकांत असतं की पिसाऱ्यामुळे मोराला उडता येत नाही आणि तो सापडतो. लीड्स विद्यापीठाच्या ग्रॅहॅम अ‍ॅस्क्यूने ते मोजायचं ठरवलं. मोर उडतानाचं हायस्पीड चित्रण केलं, मग पिसारा कापला, पुन्हा चित्रण केलं. २०१४ मधला निकाल असा की झेप घेण्याच्या कामगिरीत लक्षात येण्यासारखा फरकच नाही! म्हणजे इतकी वर्षं सगळे जी किंमत धरून चालले होते ती निदान त्या जागी तरी सापडली नाही. ती दुसरीकडे असू शकते. दरवर्षी एवढी पिसं उगवायला लागणारं खाणं असेल, किंवा लांबून दिसणं असेल. पण मोर हे तपासायला अवघड. तो बरीच वर्षं जगतो आणि अभ्यास बहुतेक बागांमध्ये होतो, जिथे त्याला खाणारं फारसं कोणी नसतं. हवा असा छोटा जीव, ज्याचा नर भपकेबाज आहे, आणि अशी जागा, जिथे एका बाजूला शिकारी आहेत आणि शेजारीच नाहीत.

अशी जागा सातारा जिल्ह्यात आहे. आम्ही तिथे गेलो ते मात्र सरड्यांसाठी नाही.

आमच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट पवनचक्कीच्या पात्यांवर होता. मे महिन्यात आम्ही पाचजणं साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्याने चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. कातळ, वाळलेलं गवत, वारा असा की ओढणी हातात धरून चालायचं, आणि नजर जाईल तिथपर्यंत पवनचक्क्या. बाकीचे हब हाइटवर भांडत होते आणि मी खाली बघत होते. बोटभर लांबीचा, मातकट, दगडासारखाच दिसणारा एक सरडा दगडावर चढला आणि त्याने गळ्याखालून पंखा उघडला. निळा, काळा, नारिंगी. एक सेकंद. मिटला. पुन्हा उघडला. जणू कोणी मातीच्या ढेकळातून रेशमी रुमाल झटकला.

हा सरडा २०१६ साली नवीन प्रजाती म्हणून नोंदला गेला. व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि इतरांनी या गळ्यावर रंगीत पंखा असणाऱ्या सरड्यांचा एक वेगळा गट केला आणि त्याला शास्त्रीय नाव दिलं 'सारडा'. होय, आपल्या मराठी सरड्यावरून! चाळकेवाडीचा तो 'सारडा सुपर्बा'. त्याच्या एका भावाचं नाव 'सारडा डार्विनी' आहे. मादीला हा पंखा नसतो. आणि नराचंही कौतुक असं की तो चोवीस तास नटून बसत नाही. समोर कोणी बघणारं असलं की उघडतो, नाहीतर मिटून दगड होतो. मोराच्या मानाने किंमत वाचवायची ही पद्धत मला जास्त हुशारीची वाटली. तरीही उघडला की तो वरूनही दिसणार. आणि वर तिसा असतो, घार असते.

किंवा नसते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर, आणि त्यांच्याबरोबर अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी याच पठारावर पवनचक्क्यांचा भाग आणि शेजारचा पवनचक्क्या नसलेला भाग यांची तुलना केली. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे पाती फिरत नाहीत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट. जिथे फिरतात तिथे पक्षी कमी, त्यांचे हल्ले कमी, आणि सरडे मात्र कितीतरी दाट. सरडे निर्धास्तही झाले होते. माणूस जवळ आला तरी उशिरा पळायचे, आणि पकडल्यावर रक्तात ताणाचं संप्रेरक कमी वाढायचं.

इथे थांबून तुम्हीच सांगा, रंगांचं काय व्हायला हवं? शिकारी गेले, म्हणजे भपक्याची किंमत गेली. किंमत गेली की फीडबॅक मोकाट. रंग भडक व्हायला हवेत. आणि हे नुसतं तर्काने नाही. जॉन एंडलरने त्रिनिदादमध्ये गप्पी मासे मोठ्या शिकारी माशांच्या ओढ्यातून उचलून जवळपास निर्धोक असलेल्या ओढ्यात सोडले होते, आणि दोनेक वर्षांतच नरांच्या अंगावरचे ठिपके वाढलेले दिसले. १९८० चा त्याचा हा प्रयोग सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे.

चाळकेवाडीला उलटं झालं. पवनचक्क्यांखालच्या नरांचे गळे जास्त फिके होते.

हे वाचलं तेव्हा मी आधी छपाईची चूक समजले. पण त्याच अभ्यासात आणखी एक मोजमाप आहे, त्यात उत्तर असावं. हे सरडे बारीकही होते, म्हणजे लांबीच्या मानाने वजन कमी. हॉस्टेलवाल्यांना हे पटकन कळेल. मेस तीच, स्वयंपाक तेवढाच आणि अचानक दुप्पट-तिप्पट पोरं पंगतीला. कोणी मरत नाही, पण कोणाचं पोटही भरत नाही. पठारावरचे किडे वाढलेले नाहीत, सरडे वाढलेत. झगझगीत रंग हा उरलेल्या खाण्यातून होतो. पक्षी होते तेव्हा ते गर्दी कमी ठेवायचे आणि वाचलेल्याच्या वाट्याला पुरेसं यायचं. म्हणजे ज्या घारीला आपण रंगाची शत्रू समजत होतो, ती एका अर्थाने रंगाचा खर्च भागवत होती. किंमत आकाशात वसूल होते असं वाटत होतं, चाळकेवाडीला ती स्वयंपाकघरात वसूल होताना दिसते. आणि इस्रायलच्या अमोत्झ झहावीने १९७५ मध्ये जे मांडलं होतं त्याच्याशी हे जुळतं. मादीच्या दृष्टीने भपक्याला अर्थ येतो तो तो महाग असतो म्हणूनच. ज्याला पोटाला पुरत नाही त्याला खोटा निळा रंग लावता येत नाही.

अर्थात हे प्रयोगशाळेतलं काम नाही. पवनचक्क्या कुठे उभारायच्या हे काही शास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. आणि फिके रंग हा रक्तातला, म्हणजे पिढ्यांमधला बदल आहे की नुसती उपासमार, हेही या तुलनेवरून सांगता येत नाही. एंडलरने तलाव बांधून माशांच्या पिढ्या वाढवल्या होत्या, इथे तसं झालेलं नाही. तपासायचा मार्ग कागदावर सोपा आहे. दोन्ही भागांतली पिल्लं एकत्र, सारख्याच खाण्यावर वाढवायची. गळे सारखे झाले तर दोष मेसचा. फरक राहिला तर उत्क्रांतीने खरंच वळण घेतलंय. पण दुर्मीळ प्रजातीची पिल्लं पिंजऱ्यात वाढवणं प्रत्यक्षात किती सोपं, हा प्रश्न आहेच.

हे सगळं मी ग्रुपमध्ये सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "मग काय, पवनचक्क्या बंद करायच्या?" मी तसं म्हटलं नाही. मला अजूनही त्याच क्षेत्रात नोकरी करायची आहे. कोळशाचं वीजघर तिथे असतं तर सरड्यांचं काय झालं असतं हेही मला कळतं. पण आमच्या रिपोर्टमध्ये वाऱ्याचा वेग होता, पात्याचा कोन होता, आवाजाची पातळी होती. घार नव्हती. मी अर्धं पान वाढवलं. गाइड मॅडमनी त्याला 'विषयाशी संबंध?' असं लाल पेनने विचारलं आणि पान राहू दिलं.

मला मात्र वेगळाच प्रश्न छळतो. अभ्यास नरांच्या गळ्यांचा झाला. पवनचक्क्यांखालच्या मादीचं काय? ती जर पेट्रीच्या लांडोरींसारखी असेल, समोर आलेल्यांपैकी सर्वांत चांगला निवडणारी, तर सगळेच फिके झाल्याने तिचं काही बिघडत नाही. फिक्यांमधला कमी फिका तिला चालेल. पण तिच्या मनात एखादी ठरलेली रेघ असेल, एवढा निळा तरी हवाच, तर तिथे अनेक नर दिवसभर पंखा हलवत बसतील आणि ती कोणालाच होकार देणार नाही. दोन्हींत पुढच्या पिढीचा हिशोब पूर्ण वेगळा होतो. त्या दुपारी आमच्यासमोर त्या नराने सहा-सात वेळा पंखा उघडला. हातभर अंतरावर एक मादी होती. तिने मान वळवली, थोडा वेळ बघितलं, मग पुढ्यातली एक मुंगी उचलली आणि गवतात गेली. एवढ्यात ड्रायव्हरकाकांनी हॉर्न दिला, ठोसेघरला जेवण सांगून ठेवलं होतं.